नकाराची वही

माझा भाचा गेल्या वर्षी एका पशुखाद्य कंपनीत विक्रीच्या कामाला लागला. पदवी झाली होती, दोन वर्षे पोलीस भरतीच्या मागे गेली होती, घरात बहिणीचे लग्न तोंडावर होते. देवणी तालुका त्याच्या वाट्याला आला. जनावरांना पेंडीतून द्यायचे खनिज मिश्रण, ज्याला आपल्याकडे सगळे सरळ 'मिनरल मिक्सचर' म्हणतात, ते गावोगाव फिरून विकायचे. पगार बेताचा, पेट्रोलचे पैसे वेगळे आणि महिन्याचे टार्गेट.

एकविसाव्या दिवशी रात्री तो माझ्याकडे आला. मोटारसायकल लावून बराच वेळ बाहेरच उभा होता. आत आल्यावर म्हणाला, "मामू, मी उद्यापासून जात नाही. सगळे नाहीच म्हणतात. कुणी घेतच नाही."

मी विचारले, "सगळे म्हणजे किती जण?"

त्याला सांगता येईना. शंभर म्हणाला, मग दोनशे म्हणाला. किती जणांशी खरोखर बोलणे झाले, किती जण घरी भेटलेच नाहीत, किती जणांनी 'नको' हा शब्द स्वतः उच्चारला, यातले काहीच त्याच्याजवळ नव्हते. त्याच्याजवळ होता फक्त एकवीस दिवसांचा एक मोठा नकार.

मी स्वतः तरुणपणी नऊ वर्षे विक्रीचे काम केले आहे. तेव्हा माझ्या साहेबांनी मला 'कातडी जाड कर' असे सांगितले होते. मला तो सल्ला तेव्हाही उपयोगी पडला नाही आणि आज तर तो मला चुकीचाच वाटतो. कातडी जाड झाली की समोरचा काय सांगतो आहे तेही ऐकू येत नाही. नव्या विक्रेत्याला नकार सहन करण्याची ताकद लागते हे खरे, पण ती ताकद मनाला समजावून येत नाही. ती येते नकार मोजल्यावर आणि वेगवेगळे करून पाहिल्यावर. भाच्याच्या चार-सहा आठवड्यांवरून हेच मला मांडायचे आहे.

त्या रात्री आम्ही एवढेच ठरवले की बारा दिवस आणखी जायचे. विक्री झाली नाही तरी चालेल, पण रोज दहा दारी जायचे आणि प्रत्येक दाराची एक ओळ लिहायची. साधी शाळेची आडव्या रेघांची वही घेतली आणि पाच रकाने आखले. गेलो का. जो निर्णय घेतो तो माणूस भेटला का. बोलणे पूर्ण झाले का, म्हणजे त्याच्या जनावरांविषयी विचारले आणि आपल्या मालाची किंमत सांगितली का. 'एक पिशवी देऊ का' असे स्पष्ट विचारले का. आणि शेवटी, घेतली का. शेवटच्या रकान्याशेजारी थोडी जागा ठेवली. तिथे समोरच्याचे अखेरचे वाक्य त्याच्याच शब्दांत लिहायचे होते. 'इंटरेस्ट नाही' असले आपले शब्द चालणार नव्हते. तो "पुढल्या बाजारला या" म्हणाला असेल तर तेच लिहायचे.

एक अट अशी घातली की ओळ त्याच गावात, गाडीला किक मारण्याआधी लिहायची. रात्री आठवून लिहिली की दिवसातला सर्वांत वाईट प्रसंग बाकीच्या नऊ ओळींवर पसरतो. हे मी स्वतःच्या नोंदींवरून शिकलो होतो.

बारा दिवसांनी आम्ही वही उघडली. एकशे वीस दारे झाली होती. त्यांपैकी ५२ ठिकाणी निर्णय घेणारा माणूस भेटला होता. बाकी ६८ ठिकाणी घरी म्हातारी, लेकरे किंवा बंद दार. भेटलेल्या ५२ पैकी २२ जणांनी उभ्या उभ्याच 'वेळ नाही' म्हणून वाटेला लावले. बोलणे पूर्ण झाले ते ३० ठिकाणी. आणि त्या ३० पैकी 'देऊ का' असे त्याने विचारले फक्त ११ ठिकाणी. चौघांनी पिशवी घेतली, सात जणांनी नाही म्हटले.

भाचा त्या आकड्यांकडे बघत राहिला. १२० दारांपैकी खरा, तोंडाने उच्चारलेला, मालाविषयीचा नकार सात ठिकाणी मिळाला होता. त्याच्या डोक्यात मात्र तो एकशे सोळा ठिकाणचा होता.

मग मी त्याला उरलेल्या १९ ठिकाणांविषयी विचारले, जिथे बोलणे पूर्ण झाले पण विचारणा झालीच नाही. तो थोडा ओशाळला. म्हणाला, "समोरचा 'बघू' म्हणाला की मीच कागद देऊन निघायचो. पुढे विचारलं असतं तर नाही म्हणाला असता."

विक्रीच्या कामात नवा माणूस मोडतो तो नेमका इथे. चार-सहा नकार मिळाले की तो नकळत पुढचा नकार टाळू लागतो. दारी जातो, माहिती सांगतो, कागद देतो आणि नाही ऐकायच्या आत स्वतःच उठतो. त्यामुळे त्याला स्पष्ट नकार कमी मिळतात, पण 'हो' म्हणायची संधीही समोरच्याला मिळत नाही. संध्याकाळी हात रिकामे राहतात आणि मन त्याचा अर्थ 'सगळे नाही म्हणाले' असा लावते. दिवसभराची पायपीट खरी असते म्हणून थकवाही खरा असतो. फक्त त्या थकव्याचे कारण चुकीचे नोंदले गेलेले असते.

ही वही मी शोधून काढलेली नाही. फ्रँक बेटगर नावाचा अमेरिकन बेसबॉल खेळाडू हाताला दुखापत झाल्यामुळे खेळातून बाहेर पडला आणि फिलाडेल्फियात विमा विकू लागला. तोही सोडून जायच्या बेतात होता. त्याने बारा महिन्यांची नोंद ठेवली होती ती मांडून बघितली, तेव्हा १८४९ वेळा तो दारी गेला होता, ८२८ जणांशी बोलणे झाले होते आणि ६५ पॉलिसी विकल्या गेल्या होत्या. कमिशनला एकूण दारांनी भागल्यावर त्याला दिसले की प्रत्येक वेळी दार ठोठावण्याची किंमत, आत काहीही झाले तरी, दोन डॉलर तीस सेंट आहे. हे त्याने १९४७ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे.

त्याला आणखी एक गोष्ट दिसली. त्याची सत्तर टक्के विक्री पहिल्याच भेटीत झाली होती, तेवीस टक्के दुसऱ्या भेटीत आणि फक्त सात टक्के तिसऱ्या किंवा नंतरच्या भेटीत. त्याचा निम्मा वेळ मात्र त्या सात टक्क्यांवर जात होता. त्याने तिसऱ्या भेटी बंद केल्या आणि कमाई वाढली.

हे वाचून आपल्याकडे कुणी लगेच तिसरी भेट बंद करील तर तो फसेल. बेटगर मोठ्या शहरात होता. तिथे नवे नाव नेहमी मिळायचे. देवणी, वलांडी, बोरोळ या भागात दुभते जनावर असलेली घरे मोजकी आहेत, आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा ठरलेल्या दिवशीच येतो. बेटगरकडून घ्यायची ती मोजण्याची पद्धत. त्याचे उत्तर त्याच्या शहराचे होते, आपले उत्तर आपल्या वहीतून काढावे लागते.

भाच्याच्या वहीत ते उत्तर तीन ठिकाणी सापडले.

पहिले सापडले वेळेत. ६८ ठिकाणी माणूस भेटला नव्हता, कारण भाचा सकाळी दहाला घरून निघायचा. त्या वेळी कास्तकार रानात असतो. तो हमखास भेटतो तो सकाळी सव्वासहा ते आठ या वेळात दूध डेअरीवर कॅन घेऊन येतो तेव्हा, आणि संध्याकाळी धारेच्या आधी गोठ्यात. मधल्या वेळात भाचा जे फिरला ते जवळपास फुकट गेले होते, आणि त्या बंद दारांनाही त्याने नकार समजून मनाला लावून घेतले होते.

दुसरे सापडले शेवटच्या वाक्यांत. ज्या सात जणांनी स्पष्ट नाही म्हटले त्यांपैकी तिघांची वाक्ये पैशाची होती. "डेअरीचा पगार झाल्यावर बघा." दूध घालणाऱ्याला डेअरीकडून दर दहा दिवसांनी पैसे मिळतात. भाचा नेमका पैसे मिळायच्या दोन दिवस आधी गेला होता. दोघांकडे आधीच दुसऱ्या कंपनीची पिशवी पडून होती. एकाचा गुणावर विश्वास नव्हता. सातव्याविषयी पुढे लिहितो.

तिसरे आणि सर्वांत मोठे सापडले एका भेटीची उजळणी करताना. बोरोळच्या बाजूला एका आप्पांकडे तीन गायी होत्या. बोलणे पूर्ण झाले होते, तरी आप्पा "बगू की" म्हणून उठले होते. मी भाच्याला म्हटले, ती भेट पहिल्या वाक्यापासून सांग, त्यांचे शब्द त्यांच्यासारखे आणि तुझे तुझ्यासारखे. तो सांगू लागला. कंपनीचे नाव, मालाची माहिती, दूध वाढते, फॅट वाढते, पाच किलोची पिशवी साडेसातशे रुपये. मग आप्पांचे वाक्य आले: "आमची ती काळ्या तोंडाची गाय दोनदा उलटली बघा." त्यावर भाच्याने काय केले? तो पुन्हा दुधावर आला आणि फॅटचे सांगत राहिला.

गाय उलटते म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही, पुन्हा माजावर येते. कास्तकाराच्या घरात याहून मोठी काळजी थोडीच असते. गाय एकदा उलटली की तीन आठवडे गेले, दोनदा उलटली की सहा. तेवढे दिवस खाद्य चालू आणि पुढचे वेत लांबले. आप्पांनी आपले खरे दुखणे समोर ठेवले होते आणि भाच्याने त्याच्या अंगावरून पाऊल टाकले होते. त्यामुळे 'बगू की' मालाला आले नव्हते, न ऐकणाऱ्याला आले होते.

भेटीची उजळणी करायची ती अशी. 'काय चुकले' असा प्रश्न नव्या माणसाला विचारला की तो लगेच स्वतःला दोष देऊ लागतो आणि पुढचे काही ऐकत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात. किती वेळ तू बोललास आणि किती वेळ तो. त्याने स्वतःहून सांगितलेली एक गोष्ट कोणती. त्या गोष्टीनंतर तू पुढचे वाक्य कोणते बोललास. आप्पांच्या भेटीत भाचा सहा-सात मिनिटे बोलला होता आणि आप्पा तीन वाक्ये. एका रात्री दोनच भेटी घ्याव्यात, एक फसलेली आणि एक जमलेली. जमलेली भेट सोडू नये, कारण आपले काय बरोबर झाले हे नव्या माणसाला बहुधा ठाऊकच नसते. भाच्याच्या चार विक्रींपैकी तीन ठिकाणी त्याने आधी जनावराकडे पाहून काहीतरी विचारले होते. एका ठिकाणी तर बैल पाहून "हा वानेरा ना?" एवढेच म्हणाला होता. वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे देवणी जातीचे तीन रंगप्रकार. ज्याने हे ओळखले त्याच्याशी मालक दोन वाक्ये जास्त बोलतो.

या उजळणीतून बोलण्याचा क्रम बदलला. आता तो आधी विचारायचा, व्यायला किती दिवस झाले, उलटते का, काय खायला घालता. गाय उलटते म्हटले की सांगायचा, आधी डॉक्टरांना दाखवा, गर्भाशयाला सूज असेल तर पावडरीने काही होणार नाही. खनिजांची कमतरता हे एक कारण असू शकते, एकमेव नसते. दुधाविषयी "चार दिवसांत दोन लिटर वाढेल" असे कंपनीतल्या जुन्या पोरांनी शिकवलेले वाक्य त्याने टाकून दिले. मोठ्या दुभत्या जनावराला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम मिश्रण लागते आणि फरक दिसायला महिने जातात. चार दिवसांचे आश्वासन पहिली पिशवी विकते आणि दुसऱ्या खेपेला त्या अख्ख्या गल्लीचे दार बंद करते. विक्रेत्याला मिळणारे बरेच नकार आधीच्या विक्रेत्याच्या खोट्याचे असतात. ते आपल्या अंगाला लावून घेऊ नयेत, आणि पुढच्यासाठी पेरूनही ठेवू नयेत.

किंमत सांगण्याची पद्धतही बदलली. पाच किलोची पिशवी पन्नास ग्रॅमने एका जनावराला शंभर दिवस जाते, म्हणजे दिवसाला साडेसात रुपये. साडेसातशे हा आकडा आधी ऐकला की कास्तकाराचे पुढचे ऐकणे थांबते. रोजचा हिशेब आधी सांगितला की तो स्वतःच दुधाच्या भावाशी ताडून पाहतो. ताडून नको म्हणाला तर तो नकार हिशेबाचा आहे, तो मानायचा.

पुढच्या बारा दिवसांत तो कमी दारी गेला. ९६ दारे, पण त्यांत माणूस भेटला ६१ ठिकाणी. बोलणे पूर्ण झाले ३४ ठिकाणी आणि स्पष्ट विचारले २९ ठिकाणी. नऊ पिशव्या गेल्या. वीस जणांनी तोंडावर नाही म्हटले.

हा वीसचा आकडा लक्षात घ्या. आधी स्पष्ट नकार सात होते, ते जवळजवळ तिप्पट झाले, आणि विक्री चारावरून नऊवर गेली. पोरगा नकाराला सरावला आहे की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही, त्याच्या वहीतल्या चौथ्या रकान्यावरून कळते. विचारणा वाढली असेल तर तो सावरतो आहे. विक्री झालेली नसतानाही हे ओळखता येते. उलट, दारे भरपूर आणि विचारणा कमी होत चालली असेल, तर तो हसतमुख दिसला तरी आतून मागे सरकतो आहे. वीस नकारांपैकी आठ जणांनी तारीख दिली होती, डेअरीच्या पैशाची. भाचा त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी गेला आणि आठांपैकी तिघांनी पिशवी घेतली. बेटगरने बंद केलेली भेट इथे कामाला आली.

आता सातव्या नकाराविषयी. मला तो टाळून पुढे जाता येत नाही.

त्या पहिल्या रात्री भाचा आणखी एक वाक्य बोलला होता. "मामू, नाव सांगितलं की चेहरा बदलतो." मी त्याला 'तसं काही नसतं' म्हटले नाही. तसे असते. मीही नऊ वर्षांत ते पाहिले आहे. पण किती ठिकाणी, हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हते आणि मलाही. म्हणून वहीत त्यासाठी खूण ठरवली. समोरच्याने तसे उघड म्हटले तर फुली, आणि फक्त तसे वाटले तर प्रश्नचिन्ह.

बारा दिवसांत ५२ भेटींमध्ये एक फुली होती आणि तीन प्रश्नचिन्हे, दारातूनच परतवलेल्या त्या बावीसांपैकी. फुलीच्या दारी पुन्हा जायचे नाही असे ठरवले. तो नकार खरा आहे, अन्याय्य आहे आणि भाच्याच्या बोलण्यात काही बदलून तो जाणार नाही. त्यावर रात्र घालवण्यात अर्थ नव्हता, पण तो झालाच नाही असे म्हणण्यातही नव्हता. प्रश्नचिन्हाच्या तिन्ही दारी आठ दिवसांनी पुन्हा जायचे ठरले. एकाने तसेच परतवले. दुसऱ्याचा पहिल्या दिवशी बैल आजारी होता म्हणून तो चिडलेला होता. त्याने बसवून घेतले, घेतले मात्र काही नाही. तिसऱ्याने एक पिशवी घेतली आणि शेजारच्या चुलत्याचे घर दाखवले.

यातून जग चांगले आहे किंवा वाईट आहे असा निष्कर्ष मला काढायचा नाही. चार खुणांवरून तो निघतही नाही. माझे म्हणणे आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांसाठी आहे. पोरगा हात हलवत परत आला की आपण दोनपैकी एक वाक्य बोलतो. एक, "सब्र कर." दुसरे, "आपल्याला कोण देतंय?" पहिल्या वाक्यात आपण त्याची चूक आणि त्याच्यावर झालेला अन्याय दोन्ही न बघता झाकून टाकतो. दुसऱ्या वाक्यात आपण त्याच्या ५२ भेटींवर एकाच फुलीचा रंग फासतो. मग त्याला डेअरीची वेळही दिसत नाही आणि आप्पांची उलटलेली गायही नाही. सब्र हा शब्द मोठा आहे, पण डोळे मिटून बसायला तो सांगत नाही.

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ कंपनीच्या विमा विक्रेत्यांवर केलेले काम या संदर्भात प्रसिद्ध आहे. माणूस अपयशाचे कारण स्वतःला कसे सांगतो हे त्यांनी तपासले. कारण कायमचे आहे की आजचे, सगळीकडचे आहे की या एका ठिकाणचे, आणि सगळे माझ्यातच आहे की बाहेरही काही आहे. पीटर शुलमन यांच्याबरोबर १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कारणे आशावादी पद्धतीने सांगणाऱ्या निम्म्या विक्रेत्यांनी पहिल्या दोन वर्षांत उरलेल्या निम्म्यांपेक्षा ३७ टक्के जास्त विमा विकल्याचे दिसले. यावरून 'आशावादी व्हा' एवढाच बोध घेणे मला धोक्याचे वाटते. पोराला आशावादी हो म्हटल्याने तो होत नाही. पण 'आज, बोरोळमध्ये, डेअरीच्या पैशाआधी दोन दिवस' असे वहीत लिहिले की कारण आपोआप आजचे आणि या ठिकाणचे होते. लिहिणाऱ्याला खोटी समजूत घालावी लागत नाही, कारण ते खरेच असते.

रोजचा क्रम आता असा बसला आहे. रात्री झोपण्याआधी दुसऱ्या दिवशीची दहा नावे लिहून ठेवायची, म्हणजे सकाळी 'कुठे जाऊ' या विचारात पहिला तास जात नाही. सव्वासहाला डेअरी. दुपारी दारे ठोठवायची नाहीत. त्या वेळात ज्यांनी तारखा दिल्या त्यांना फोन, नोंदी आणि जेवण. साडेचारनंतर गोठे. शुक्रवारी दुपारचे फोन शनिवारवर ढकललेले असतात. लागोपाठ तीन स्पष्ट नकार आले तर चौथ्या नव्या दारी न जाता आधी पिशवी घेतलेल्या एखाद्याच्या गोठ्यात जायचे, पन्नास ग्रॅम नीट घालतात का ते बघायचे, चहा घ्यायचा आणि मग नव्या दारी. चौथा नकार टाळायची ही पळवाट नाही. जुन्या गिऱ्हाइकाकडे जायचेच असते, ते अशा वेळी जायचे. दिवसाचे उद्दिष्ट पिशव्यांत ठेवलेले नाही. दहा दारे आणि पाच विचारणा एवढेच आहे. पिशवी घेणे समोरच्याच्या हातात असते, विचारणे आपल्या हातात असते.

या पद्धतीच्या दोन मर्यादा सांगितल्या पाहिजेत. वही साहेबांना दाखवायची ठरली की ती खोटी होते. भाच्याच्या कंपनीने नंतर मोबाईलवर रोजच्या भेटी भरायला लावल्या. आठवड्यात सगळ्यांच्या भेटी पंचवीस-पंचवीस दिसू लागल्या. ज्याच्या हातात टार्गेट आणि पगार आहे त्याच्यापुढे कुणी 'विचारायला धजलो नाही' असे लिहीत नाही. म्हणून उजळणी करणारा माणूस वेगळा हवा. बरोबरीचा विक्रेता असो, मोठा भाऊ असो, नाहीतर माझ्यासारखा मामा असो. आठवड्यातून एकदा, अर्धा तास.

दुसरी मर्यादा अशी की प्रत्येक ठिकाणी चिकाटी हे उत्तर नसते. दोन महिने माणसे भेटत असतील, विचारणा होत असेल, बोलणे सुधारलेले असेल आणि तरीही कुणी घेत नसेल किंवा घेतलेला कुणीच दुसऱ्यांदा घेत नसेल, तर वही सांगते की माल, भाव किंवा भाग चुकला आहे. अशा वेळी सोडणे म्हणजे हरणे नव्हे. भाच्यालाही मी हेच सांगून ठेवले आहे. फक्त त्याने ते एकविसाव्या रात्रीच्या थकव्यावरून ठरवू नये, वहीवरून ठरवावे.

भाचा अजून त्याच कामावर आहे. टार्गेट प्रत्येक महिन्याला पूर्ण होत नाही. परवा भेटला तेव्हा मी विचारले, काय चाललंय? म्हणाला, "काल सहा जण नाही म्हणाले, मामू. चार पैशाचे, एकाकडे आधीचं आहे, आणि एकाची गाय भाकड."

मी विचारले, "मग त्या भाकड गाईचं काय?"

"भरवली की सांगतो म्हणाले. तारीख लिहून ठेवलीय."